'स'ला काना

ताईच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात तिचा फोन आला. "पत्रिकेचा मजकूर तू बघ. बाबा असते तर त्यांनीच बघितला असता." मी बँकेतला माणूस. माझा मजकुराशी संबंध कर्जाच्या कागदांपुरता. पण आमच्या घरात ऱ्हस्व-दीर्घाचं खूळ बाबांकडून माझ्याकडे आलंय असा सगळ्यांचा समज आहे, आणि भाच्याच्या लग्नात मामाला 'नाही' म्हणता येत नाही.

बाबा मिरजेला शाळामास्तर होते. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे लग्नसराईत आळीतल्या चार घरच्या पत्रिका आमच्या ओसरीवर येऊन पडायच्या. मजकूर छापून आलेला असायचा, नावं तेवढी बाबांनी घालायची. त्या वेळच्या पत्रिकेत आत सगळ्यात वर 'श्री.' छापलेलं, पुढे टिंबांची ओळ, शेवटी 'यांस', आणि खाली 'स.न.वि.वि.' टिंबांवर नाव घातलं की पत्रिका त्या माणसाची झाली. बाबा लिहायला बसण्याआधी यादीवरून तीन गठ्ठे करायचे. थोरांचा, बरोबरीच्यांचा आणि धाकट्यांचा. आम्हा पोरांना वाटायचं हे पोस्टाच्या सोयीसाठी असेल. सोय वेगळीच होती. बरोबरीच्यांच्या पत्रिकेत ते फक्त नाव घालायचे. थोरांच्या पत्रिकेत नाव घालून झालं की पेन खाली आणून छापील 'स.'मधल्या 'स' आणि टिंबाच्या फटीत एक बारीक उभी रेघ मारायचे आणि वरची शिरोरेघ तिच्यापर्यंत ओढून घ्यायचे. 'स.'चं 'सा.' व्हायचं. सप्रेम नमस्काराचा साष्टांग नमस्कार. धाकट्यांच्या पत्रिकेत अख्खं 'स.न.वि.वि.' एका रेघेनं खोडून वर 'अ.उ.आ.' लिहायचे, म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. छापखान्यातून एकाच तोंडवळ्याच्या निघालेल्या तीनशे पत्रिका अशा तीन तऱ्हेनं बोलायला लागायच्या.

एकदा मी विचारलं होतं, 'स' म्हणजे सविनयसुद्धा होतंच की, मग काना कशाला? बाबा म्हणाले, "ज्याला मिळेल त्याला कळायला नको का, की आपल्यासाठी पेन उचललं होतं?"

तर ताईबरोबर सांगलीत पत्रिकेच्या दुकानात गेलो. आल्बममधून पत्रिका निवडायला तिला दहा मिनिटं लागली. मजकुराला बारा दिवस आणि चार प्रुफं लागली. हल्ली मजकूर कोणी लिहीत नाही, तो निघतो. दुकानातला मुलगा संगणकात जुनी फाइल उघडतो, आधीच्या लग्नाची नावं काढतो, आपली घालतो आणि प्रुफाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. आमच्या पहिल्या प्रुफावर वरच्या मधोमध '॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥' होतं. आमच्या भावजींच्या घराण्याचं कुलदैवत जोतिबा. आधीच्या घरचा खंडोबा आमच्यावरही प्रसन्न होऊन बसला होता. दुसऱ्या ओळीत 'श्री गणेशाय नम:' होतं, म्हणजे 'नम' आणि पुढे विसर्गाऐवजी अपूर्णविराम. दोन्हींत टिंबं दोनच, त्यामुळे नजर फसते. पण विसर्ग अक्षराला चिकटून येतो आणि अपूर्णविराम थोडा सुटा, चौकोनी ठिपक्यांचा दिसतो. एकदा ओळखता आला की तो जिथे तिथे दिसायला लागतो. देवळांच्या कमानींवर, रिक्षांच्या मागे, आणि दर दुसऱ्या पत्रिकेवर.

ही दुरुस्ती सोपी होती. तिच्याखालची ओळ अवघड निघाली.

प्रुफात 'स.न.वि.वि.' होतं आणि त्याच्या लगेच खाली एक चारोळी होती. साताजन्मांच्या गाठी, फुलांच्या वाटा, तसलं काहीतरी. मी म्हटलं, चारोळी ठेवायची असेल तर मागच्या पानावर न्या, इथे नको. दुकानातल्या मुलाला हे पटेना. "सगळे घेतात काका, छान दिसतं." मग मी त्याला वि.वि. म्हणजे काय ते विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. ताईला अर्धं ठाऊक होतं. विनंती विशेष. पण म्हणजे काय?

पेशवाईच्या काळातली मोडी पत्रं छापलेली मिळतात, त्यात हे सगळं सुटं करून वाचायला मिळतं. 'पोष्य अमुक कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे.' पोष्य म्हणजे तुम्ही ज्याला पोसता असा मी. कृतानेक म्हणजे केलेले अनेक. आणि 'विनंती उपरी' म्हणजे इतकी विनंती झाली, आता यानंतर कामाचं. त्यातलंच 'विशेष'. नमस्कार आणि विनंती ही पत्राची रीत झाली, आता पुढे येतं ते या पत्राचं खास. म्हणजे वि.वि. हे दार आहे आणि दारातून लगेच बातमीनं आत यायचं असतं. म्हणूनच जुन्या पत्रिकेत त्याच्यापुढे श्वास न घेता 'आमचे येथे श्रीकृपेकरून' सुरू व्हायचं. दार उघडून मध्ये चारोळी उभी केली की 'विशेष' हवेत लोंबकळत राहतं. मुलानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या प्रुफात चारोळी 'स.न.वि.वि.'च्या वर नेऊन ठेवली. ते चाललं.

ज्या पत्रिकेत हा मायना अजिबात नको असतो, तिथे तो काढावा की. 'सस्नेह निमंत्रण' लिहून थेट नावं द्यावीत, त्यात काही बिघडत नाही. पण मायना घ्यायचा आणि त्याचं वाक्य पुरं करायचं नाही, हे हात जोडून समोरच्याकडे न बघण्यासारखं झालं.

जाता जाता, त्या 'श्रीकृपेकरून'च्या वाक्यात पुढे एक शब्द असायचा ज्यावर आता पोरं फिदीफिदी हसतात. 'यांचा शरीरसंबंध अमुक यांच्या कन्येशी करण्याचे योजिले आहे.' संबंध म्हणजे सोयरीक, रक्तामांसाचं नातं जोडणं, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या आईवडिलांच्या पत्रिकेत तो आहे आणि ती पत्रिका आजोबांनी गावातल्या सगळ्या मुंज झालेल्या-न झालेल्यांना बिनदिक्कत वाटली होती. आता 'विवाह' किंवा 'शुभविवाह' लिहितात. (शुभविवाह हा एक शब्द. तो तोडून लिहिलेला दिसला की मला उगाच वाटतं, शुभ आधी निघून गेलंय आणि विवाह मागून येतोय.)

खरी गाडी अडली ती तिसऱ्या प्रुफाला. 'आमचे येथे' म्हणजे कोणाचे येथे?

मायन्याला दोन टोकं असतात, लिहिणारा आणि वाचणारा. वाचणाऱ्याची काळजी आपण बाबांसारखी काना देऊन घेऊ शकतो. लिहिणारा कोण, ते मात्र छापावंच लागतं. भावजी जाऊन नऊ वर्षं झाली. दुकानातल्या फाइलमध्ये अशा घरासाठीही नमुना तयार होता. वर 'कै. अमुक यांचे चिरंजीव', खाली निमंत्रक म्हणून ताईच्या थोरल्या दिरांचं नाव, त्यांच्यानंतर धाकटे दीर, त्यांच्यानंतर 'समस्त परिवार'. ताईचं नाव कुठेच नाही. कोणी मुद्दाम काढलं नव्हतं. नमुन्यात त्या नावाला जागाच नव्हती. मुलाला वाढवलं तिनं, कार्यालयाचे पैसे भरले तिनं, आणि पत्रिका म्हणते 'आमचे येथे', तर त्या आमच्यात ती नाही.

दिरांशी बोलायला मी गेलो. मला वाटलं होतं वाद होईल. ते म्हणाले, "अरे, मला कुठे हौस आहे? अशा वेळी काकाचं नाव घालतात म्हणून घातलं. तिचं घाला, माझं खाली चालेल." मग मजकूर असा झाला:

'स.न.वि.वि. आमच्या कुलदैवताच्या कृपेने माझा मुलगा चि. अमुक याचा विवाह श्री. व सौ. अमुक यांची कन्या हिच्याशी करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब अगत्य येऊन वधूवरांस आशीर्वाद द्यावेत, ही विनंती.'

'आमचे येथे'चं 'माझा मुलगा' झालं. दोनच शब्द बदलले, पण ताई ते प्रूफ फोनवर मोठं करून बराच वेळ बघत बसली होती.

मग प्रश्न आला खाली सही करताना तिच्या नावाआधी काय लावायचं. दुकानातल्या मुलानं विचारलं, "गं.भा. टाकू ना?"

गं.भा. म्हणजे गंगा भागीरथी. जुन्या पत्रांत 'गंगाभागीरथीसमान मातोश्री' असा मायना येतो, म्हणजे गंगेसारख्या पवित्र. जिचा नवरा आहे तिला त्याच पत्रांत 'वज्रचूडेमंडित' म्हणत. तिच्या हातातला चुडा वज्रासारखा अभंग राहो. दोन्ही शब्द ऐकायला भारदस्त आहेत आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात, हिचा नवरा आहे की नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला आणि बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरावं असं सुचवलं होतं. बरीच टीका झाली आणि मग असा काही निर्णय झालेला नाही असं सांगण्यात आलं. टीका करणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. पाटीवर अक्षरं सोन्याची काढली तरी पाटी गळ्यातच राहते.

ताई म्हणाली, "श्रीमती लिही. आणि त्याच्या बाबांच्या नावाआधी कै. नको, नुसतं नाव लिही. कार्याच्या पत्रिकेत पहिलंच अक्षर कै. बघवत नाही मला." 'कै.' म्हणजे कैलासवासी. वारकरी घरांत त्याऐवजी 'वै.', वैकुंठवासी, लिहितात. आम्ही ते काढून मुलाचं नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहिलं. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांना नाही त्यांना लग्नाच्या पत्रिकेतून कळायला हवं असंही नाही.

एक गोष्ट वधूकडून आली. तिच्या नावाआधी 'चि.सौ.कां.' होतं, म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. (प्रुफात 'का' होतं, अनुस्वार उडालेला. हाही पत्रिकेतला नेहमीचा अपघात, आणि अनुस्वार गेला की आकांक्षाच जाते.) ती म्हणाली, "मामा, त्याला नुसतं चि. आणि मला सौभाग्याची आकांक्षा, असं का? दोघांना चि. घाला ना." चि. म्हणजे दीर्घायुषी हो. तो आशीर्वाद मुलाला जितका लागतो तितकाच मुलीलाही लागतो. मुलाकडची पत्रिका आपली होती, आम्ही दोघांनाही 'चि.' घातलं. तिच्या वडिलांनी त्यांच्याकडच्या पत्रिकेत 'चि.सौ.कां.' ठेवलं, आणि ते तिनं ठेवू दिलं. तिकडे तिची आजी होती.

या 'चि.'ची एक गंमत नंतर झाली. पत्रिका छापून आल्या आणि भाच्यानं मित्रांसाठी स्वतःच्या फोनवरून निरोप पाठवायला घेतला. पत्रिकेतलाच मजकूर उचलून पाठवणार होता. मला दाखवला तेव्हा वर होतं, 'मी चि. अमुक, आपणांस सविनय निमंत्रित करतो.' म्हटलं, बाबा रे, चि. हे थोरांनी तुला म्हणायचं. स्वतःच्या नावाआधी स्वतः लावलंस तर स्वतःच स्वतःला आशीर्वाद दिल्यासारखं होईल. तेच 'श्री.'चं. सही करताना जुनी माणसं स्वतःला श्री. लावत नसत. आणि शाळेपासूनच्या मित्राला 'आपणांस सविनय' लिहिलंस तर तो आधी फोन करून विचारेल, तुझा फोन कोणी चोरलाय का?

मग तो बसला आणि मित्रांसाठी नवं लिहिलं. 'अरे, ठरलं एकदाचं. तारीख खाली आहे, रजा आत्ताच टाका. आदल्या रात्री मुक्कामाला यायचं आहे, कारणं चालणार नाहीत.' हे उत्तम होतं. मित्राला आग्रह हाच आदर. मैत्रिणींना पाठवताना 'अरे' काढून 'अगं' करायचं राहिलं, त्यावरून त्यानं शिव्या खाल्ल्या. आणि हा निरोप त्यानं एकेकाला नाव घालून पाठवला ते बरं केलं. शंभर जणांना एका वेळी गेलेला निरोप घेणाऱ्याला बरोबर कळतो. 'प्रिय सर्व' असं कोणाचंच नाव नसतं.

ऑफिसातल्या साहेबांसाठी तिसरा मजकूर लागला. ते भाच्याहून सात-आठ वर्षांनीच मोठे, साष्टांग घालायच्या वयाचे नाहीत, आणि 'अरे' म्हणायच्या नात्याचेही नाहीत. तिथे 'नमस्कार सर' आणि पुढे 'तुम्ही आणि वहिनी दोघांनी यायचं आहे' एवढंच लिहिलं. 'आपण' की 'तुम्ही' यावर आमचा अर्धा तास गेला. छापील पत्रिकेत 'आपण' शोभतं, कारण ती सगळ्यांना एकच जाते आणि थोडं अंतर धरून उभी असते. पण रोज ज्यांना 'तुम्ही' म्हणतो त्यांना लग्नापुरतं 'आपण' म्हटलं की ते एकदम परके होतात.

थोरांना मात्र निरोप पाठवायचा नाही, असं ताईनं बजावलं होतं. आधी फोन, मग घरी जाऊन पत्रिका. लांबच्यांना पोस्टानं. अमेरिकेतल्या एका काकांना पोस्ट वेळेवर पोचणार नाही म्हणून पत्रिकेचा फोटो पाठवावा लागला. भाच्यानं वर काय लिहू म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, 'ती. काकांस, सा.न.वि.वि. पत्रिका सोबत पाठवत आहे. हातात देता येत नाही याची रुखरुख आहे.' थोड्या वेळानं त्याचा गंभीर चेहरा करून प्रश्न. "मामा, काकांना 'ती' कशाला?"

तीर्थरूप, असं सांगितलं त्याला. मुळात हे आईवडिलांसाठी. त्यांचे पाय म्हणजे तीर्थ. चुलते, मामा, सासरे अशा वडिलांच्या ठिकाणी असलेल्यांना बारकाईनं लिहिणारे तीर्थस्वरूप म्हणत. तीर्थ नव्हे, तीर्थासारखे. पुढे दोन्हींचं संक्षेपात 'ती.' झालं आणि तो फरक टिंबात बुडाला.

हे त्याला सांगता सांगता माझ्याच डोक्यात एक उजेड पडला. 'ती.' बाईलाही चालतं. 'तीर्थरूप आईस' आपण शाळेत लिहिलंच होतं. 'सौ.' लिहायचं तर तिचा नवरा हयात आहे का ते आठवावं लागतं, 'गं.भा.' लिहायचं तर तो गेलाय हे लक्षात ठेवावं लागतं. यादीवर नाव घालताना मी दरवेळी अडायचो, फोन करून विचारायचो, 'अहो, त्या मावशींचे यजमान...?' 'ती.'ला ही चौकशी लागत नाही. त्या आपल्याहून मोठ्या आहेत, एवढं पुरतं. मी यादीतल्या सगळ्या थोरल्या बायकांच्या नावांआधी 'ती.' घातलं, नवरे असलेल्या आणि नसलेल्या सगळ्यांच्या. काम निम्म्या वेळात झालं.

बाबांसारखे तीन गठ्ठे केले. आमच्या पत्रिकेत टिंबांची ओळ नव्हती, हल्ली नाव पाकिटावरच घालतात. मी दुकानात सांगून आत 'स.न.वि.वि.'च्या वर एक बोटभर जागा कोरी ठेवून घेतली होती. कागद गुळगुळीत, शाई पसरायची. बाबांच्या कागदावर ती मुरायची. दोन पत्रिका फुकट घालवल्यावर जेल पेन आणलं आणि काना जमायला लागला. नीट जमला नाही पण जमला. साठ-पासष्ट पत्रिकांना काना दिला. धाकट्यांच्या पत्रिकेत खोडाखोड काही केली नाही. एवढ्या महागाच्या कागदावर रेघ मारायला हात झाला नाही, आणि आताच्या पोरांना 'अ.उ.आ.' म्हणजे डासाचं औषध वाटेल.

पहिली पत्रिका रिवाजाप्रमाणे सांगलीच्या गणपतीपुढे ठेवली, चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावून. दुसरी जोतिबाला. देवाच्या पत्रिकेवर बाबा 'यांस' खोडून 'यांचे चरणी' लिहायचे, मी कोऱ्या जागेत आठवणीनं तेच लिहिलं. काना तिथेही दिला.

मग कुरुंदवाडला आत्याकडे. आत्या बाबांची धाकटी बहीण, आता ब्याऐंशीची. पस्तिसाव्या वर्षी विधवा झाली. जवळच हेरवाड. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. त्या ठरावाच्या वेळी आत्या म्हणाली होती, "आमच्या वेळी ग्रामपंचायत काय करत होती रे?"

आमच्याकडे पत्रिका द्यायला बाई गेली की घरातल्या सवाष्णींना हळदकुंकू लावून बोलावणं करते. ताईनं सगळीकडे पत्रिका दिल्या पण करंडा माझ्या बायकोच्या हातात होता. विधवेनं लावायचं नाही आणि विधवेला लावायचं नाही, दोन्हीकडून दार बंद. आत्याकडे मात्र ताईनं तो बायकोकडून मागून घेतला. आत्याची सून आधी पुढे झाली, तिला लावलं. मग ताई आत्यासमोर बसली आणि करंडा तसाच उघडा धरून राहिली.

आत्या म्हणाली, "मला नको गं बाई. इतक्या वर्षांत कपाळाची सवय गेली, खाज सुटेल. पत्रिका दे इकडे."

चष्मा शोधण्यात पाच मिनिटं गेली. तिनं आधी पाकिटावरचं नाव वाचलं, 'ती. आत्यास'. त्यावर काही बोलली नाही. मग आतली घडी उलगडली, जोतिबा, गणपती, आणि 'माझा मुलगा' या शब्दांवर बोट ठेवून ताईकडे बघितलं. खालची सही मोठ्यानं वाचली, श्रीमती आणि पुढे ताईचं पूर्ण नाव, एकेक शब्द सुटा करून, शाळेत वाचतात तसं. "बोलावणं तुझं आहे होय," म्हणाली. "मग यायला पाहिजे."

मग तिचं बोट परत वर सरकलं.

"हा काना कोणी दिलाय?"

"मी," म्हटलं.

"तरीच. दादाची रेघ वरनं जोडलेली असायची. हा नुसता काठीसारखा उभा आहे." आणि तिनं पत्रिका माझ्यापुढे धरली. खिशात जेल पेन होतं. गुडघ्यावर पुस्तक घेऊन, त्याच्यावर पत्रिका ठेवून, मी शिरोरेघ पुढे ओढून कान्याला जोडली. शाई वाळेपर्यंत तिनं फुंकर घातली आणि घडी केली नाही, तशीच उघडी देवापुढे नेऊन ठेवली.